मेन पाडला, पण घर बंद झालं का?

बंगळुरूत कुणाच्याही घरी विजेच्या धोक्याचा विषय निघाला की एक वाक्य ऐकावंच लागतं: "काही झालं तर मेन पाडायचा, संपलं!" शिकलेली, जबाबदार माणसं हे अगदी ठामपणे सांगतात. प्रत्येक वेळी मी त्यांना एकच प्रश्न विचारते, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? असतोच. या शहरात वीज वरचेवर जाते, त्यामुळे इन्व्हर्टर नाही असं घर शोधावं लागतं.

मग जरा विचार करा. डीबीतला मेन पाडला की बेस्कॉमची वीज तुटते. इन्व्हर्टरला मात्र वीज गेली आणि तुम्ही मेन पाडला यातला फरक कळत नाही. वीज गेली की जे करायचं तेच तो करतो, क्षणात बॅटरीवर जातो आणि दिवे-पंख्यांच्या तारांत 230 व्होल्ट सोडतो. पंख्याच्या पॉइंटमधून धूर येतोय म्हणून तुम्ही मेन पाडला असेल, तर ती तार अजूनही जिवंतच असते. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, आणि तो खोटा ठरवायला एक मिनिट पुरतं. आज संध्याकाळी मेन पाडा आणि घरात काय काय चालू राहतं ते बघा.

माझ्या मावसबहिणीच्या जयनगरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही हेच केलं आणि मग घराचा नकाशा काढला. डीबीत मेनशिवाय आठ एमसीबी होते. दोघांवर आधीच्या मालकाने मार्करने लिहिलेलं होतं, बाकी कोरे.

आधी सगळे दिवे, पंखे, घंटा, बाहेरचे बल्ब चालू केले, कारण जे बंदच आहे ते बंद झालेलं कळणार कसं? कॉम्प्युटर नीट बंद केला. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं. मेन चालू असेपर्यंत तो बेस्कॉमची वीज तशीच पुढे जाऊ देतो. मग ती डीबीपाशी उभी राहून एकेक एमसीबी पाडत गेली आणि मी टेबललॅम्प घेऊन प्रत्येक प्लग पॉइंट तपासत फिरले. डीबीचं कव्हर उघडलं नाही. आत मेनच्या अलीकडचे स्क्रू मेन पाडल्यावरही जिवंत असतात, ते काम वायरमनचं.

क्रमांक 3 वर 'बेडरूम' लिहिलेलं होतं. तो पाडल्यावर बंद झाला फ्रिज आणि युटिलिटीतलं वॉशिंग मशीन. बेडरूमला काहीही झालं नाही. एका खोलीला एक एमसीबी असतो हा दुसरा गैरसमज इथेच गळून पडतो. वायरमन खोल्या मोजत नाही, पॉइंट मोजतो. आयएस 732 या भारतीय मानकाच्या 1989 च्या आवृत्तीत दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा 800 वॅट अशी मर्यादा होती. ती संपली की स्लॅबमधला पाइप जिथून सोयीचा, तिथून पुढचं सर्किट निघतं. क्रमांक 8 पाडल्यावर बंद झाली फक्त दारावरची घंटा आणि बाल्कनीतला दिवा. क्रमांक 6 मात्र महत्त्वाचा निघाला. तो पाडताच घरातले सगळे दिवे-पंखे एकदम गेले, म्हणजे इन्व्हर्टरला वीज देणारा तोच.

मग दुसरी फेरी. सगळे एमसीबी वर, इन्व्हर्टर चालू आणि मेन खाली. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम, सगळीकडे दिवे सुरूच राहिले. क्रमांक 1 पाडला, हॉल आणि पुढची बेडरूम बंद झाली. क्रमांक 2 पाडला, मागची बेडरूम आणि बाथरूम बंद. उरलेले सगळे पाडले तरी स्वयंपाकघरातला दिवा जळतच होता. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने तिथली तार थेट स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डावर नेली होती, मध्ये एकही एमसीबी न ठेवता. ज्या खोलीत गॅस आणि पाणी दोन्ही, ती खोली अख्खी डीबी पाडूनही बंद होत नव्हती! माझी बहीण सात वर्षं त्या घरात राहते आहे. वायरमनला बोलावून ती तार एमसीबीवर घ्यायची असं तिथल्या तिथे ठरलं. तोवर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी इन्व्हर्टरचं बटण, मग मेन.

दोन्ही बंद केले तरच घर बंद होतं. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद केलं तर मेनची वीज त्यातून जातच राहते. दोन्ही बंद केल्यावरही बॅटरीच्या टोकांवर वीज असतेच, तिथे पाना लावायचा नाही. टेस्टरने खात्री करायची असेल तर तो आधी नक्की चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही.

काही छोटे गैरसमज. 'सी 16' हे सर्किटचं नाव नाही, तो एमसीबीचा प्रकार आणि अँपिअर आहेत. एमसीबी माणसाला वाचवतो हेही खरं नाही. तो तारेला वाचवतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह जाणवतही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी 30 मिलिअँपिअरची मर्यादा घातली होती. नावं लिहिणं ही हौस आहे, असंही काही जण म्हणतात. त्याच 1989 च्या मानकात प्रत्येक डीबीत सर्किटांची यादी असलीच पाहिजे असं लिहिलेलं होतं. बिल्डरने ती दिली नसेल तर मागा.

नकाशा म्हणजे एका ए-4 कागदावर घराची रेघांची आकृती, प्रत्येक पॉइंटपाशी एमसीबीचा क्रमांक आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉइंटांना लाल गोल. एक प्रत डीबीच्या दाराच्या आत, दुसरी मुख्य दारामागे, कारण डीबीच धुरात असेल तर पहिली वाचता येणार नाही. क्रमांक एमसीबीच्या वरच्या स्थिर पट्टीवर लिहा, निघणाऱ्या झाकणावर नको. झाकण उलटं बसलं की सगळंच चुकतं. आणि भाषेचा विचार करा. सकाळी अकरा वाजता घरी मावशी आणि कामाला येणाऱ्या बाई असतात. त्या बाईंना मराठी येत नाही, म्हणून इन्व्हर्टर-मेनची ओळ आम्ही कन्नडमध्येही लिहून घेतली आणि दोघींकडून एकदा प्रत्यक्ष करून घेतली.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मीटररूम कुठे आणि आपल्या मीटरचा क्रमांक काय, हे लिहिलंच पाहिजे. बऱ्याच इमारतींत ही खोली तळघरात असते. 19 मे 2025 ला बीटीएम लेआउटमधल्या एका इमारतीच्या तळघरात शिरलेलं पावसाचं पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून 63 वर्षांचे एक रहिवासी आणि 12 वर्षांचा एक मुलगा गेले. तळघरातल्या पाण्यावर वरच्या फ्लॅटमधल्या मेनचा काहीही ताबा नसतो. पॅनेलपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जायचं नाही, बेस्कॉमच्या 1912 वर फोन करून बाहेरूनच वीज तोडायला सांगायची. आमच्या कागदावर हा क्रमांक मीटर क्रमांकाच्या शेजारीच आहे.

त्याखाली तारीख आहे. मागच्या महिन्यात एसीवाला येऊन गेल्यावर आम्ही एसीचा क्रमांक 5 पुन्हा पाडून बघितला. त्याने नव्या एसीची तार गीझरच्या क्रमांक 4 वर जोडली होती.