वाढीव हमीची योजना : घ्यावी की न घ्यावी?

सुगीनंतर हाती पैसा आला की पुष्कळ शेतकरी कुटुंबांत शीतकपाट, म्हणजे फ्रिज, खरेदी केला जातो. किंमत ठरून बिल करण्याची वेळ आली की दुकानदार आणखी एक गोष्ट सुचवितो : "थोडे पैसे जास्त भरा, म्हणजे आणखी दोन वर्षे काळजी नाही." ही वाढीव हमीची योजना होय. ती नेमकी कशाची हमी देते, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घेणे अगत्याचे आहे.

हमी केव्हा सुरू होते?

फ्रिजवर बहुधा कंपनीचीच एक वर्षाची हमी असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. अनेक कंपन्या काँप्रेसरची हमी दहा वर्षांपर्यंत देतात. मात्र ती केवळ त्या भागापुरती असते. गॅस भरणे, मजुरी व येण्याजाण्याचा खर्च बहुधा ग्राहकावरच पडतो. वाढीव हमी कंपनीची मुदत संपल्यानंतर सुरू होते. म्हणजे "तीन वर्षांची हमी" असे सांगितले, तरी त्यातील पहिले वर्ष फुकटचेच असते व पैसे दोन वर्षांचे मोजावे लागतात.

हिशेब कसा करावा?

उदाहरणादाखल असे समजू की, फ्रिजची किंमत २४,००० रुपये असून दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या हमीसाठी २,८०० रुपये मागितले आहेत. गावाजवळच्या कारागिराकडून अशा फ्रिजच्या मोठ्या दुरुस्तीस सरासरी ३,५०० रुपये लागतात असे धरले, तर दहा खरेदीदारांपैकी आठ जणांच्या फ्रिजमध्ये त्या दोन वर्षांत एकेक मोठा बिघाड झाला, तरच सर्वांनी मिळून भरलेले पैसे वसूल होतील. चांगल्या फ्रिजमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एवढे बिघाड सहसा होत नाहीत. शिवाय खरेदी हप्त्यांवर असेल आणि योजनेची रक्कम कर्जात मिळविली असेल, तर तिच्यावरही व्याज चढू शकते.

काय वगळलेले असते?

खरी मेख येथेच आहे. गावात विजेचा दाब कमीजास्त होतो. पंप एकदम बंद-चालू झाले किंवा वीज जाऊन पुन्हा आली, की फ्रिजमधील नियंत्रक पाटी जळण्याचा धोका असतो. परंतु विजेच्या दाबामुळे झालेले नुकसान अनेक योजनांच्या अटींत वगळलेले असते. पाटीवर जळाल्याची खूण दिसली आणि तंत्रज्ञाने तसा शेरा लिहिला, की मागणी नाकारली जाऊ शकते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, गंज, दरवाजाचे रबर, दिवा आणि दुकानात किंवा दूधविक्रीसाठी केलेला वापर हेही पुष्कळदा वगळलेले असतात. अनधिकृत कारागिराने फ्रिज उघडल्यास हमी रद्द होऊ शकते.

म्हणून तेच पैसे योग्य क्षमतेच्या स्टॅबिलायझरसाठी व चांगल्या अर्थिंगसाठी खर्च करणे बहुधा अधिक हिताचे ठरते. काही फ्रिज स्टॅबिलायझरशिवाय चालतात. तथापि, माहितीपत्रकातील व्होल्टची मर्यादा आपल्या घरातील पुरवठ्याशी ताडून पाहावी.

योजना केव्हा उपयोगी?

दूरचित्रवाणी संचाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचा पडदा बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च संचाच्या निम्म्या किमतीहून अधिकही होऊ शकतो. योजनेत पडद्याचा समावेश स्पष्ट लिहिलेला असेल, शुल्क माफक असेल व सेवाकेंद्र जवळ असेल, तर ती घेण्यास हरकत नाही. मात्र पडदा पडून फुटल्यास भरपाई मिळेलच असे नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीची निराळी योजना असते. मोबाइल वारंवार हातून पडत असेल, तर अशा योजनेचा विचार करावा, पण प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी ग्राहकाने किती रक्कम भरायची, हे आधी विचारावे.

सही करण्यापूर्वी

हमी कोण देतो : कंपनी, दुकानदार की तिसरीच संस्था? विजेच्या दाबाने झालेला बिघाड धरला आहे काय? तंत्रज्ञ आपल्या गावी येतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. योजना घेतलीच, तर तिची पावती व अटींचा कागद बिलासोबत जपून ठेवावा.

योजना घेतल्याशिवाय वस्तू मिळणार नाही असे कोणी म्हटल्यास ते मानू नये. अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे निर्बंधात्मक व्यापारी प्रथेत मोडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक आयोगाकडे जावयाचे झाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही माहिती सणासुदीच्या खरेदीपूर्वीच गावकऱ्यांना द्यावी.