कापलेला कर पुन्हा कोण भरणार?

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पनागर लागते. तिथल्या माझ्या एका परिचिताने आयकर खात्याची सूचना माझ्यासमोर ठेवली. २०२३-२४ मध्ये त्यांचे वेतन आठ लाख रुपये होते आणि त्यातून दरमहा २,६०० रुपये कर कापला गेला होता. विवरणपत्रात त्यांनी वर्षाचे ३१,२०० रुपये दाखवले. खात्याने मात्र २३,४०० रुपयेच मान्य केले आणि उरलेल्या ७,८०० रुपयांची मागणी काढली.

फॉर्म २६ एएस उघडताच कारण दिसले. जानेवारी ते मार्च या तिमाहीची नोंदच तिथे नव्हती. अशा वेळी दोन शक्यता असतात. मालकाने कर भरला, पण तिमाही विवरणपत्र, म्हणजे २४ क्यू, दिले नाही किंवा त्यात पॅन चुकवला, तर दुरुस्ती विवरणपत्राने नोंद उमटते आणि मग करदात्याला कलम १५४ खाली फेरदुरुस्ती मागता येते. पण कर कापूनही सरकारजमा केलाच नसेल, तर कर्मचाऱ्याच्या हाती काही उरत नाही. परिचितांच्या मालकाकडे चलन मागितले, तेव्हा ते मिळाले नाही.

१९६१ च्या आयकर कायद्यातील पेच इथेच आहे. कलम १९९ प्रमाणे सरकारजमा झालेल्या कराचेच श्रेय मिळते. कलम २०५ मात्र सांगते की, कर जितका कापला गेला तितक्यापुरती करदात्याकडून थेट वसुली करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या बाबतीत हेच मान्य केले. प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना अशी मागणी सक्तीने वसूल करू नका, असे बजावले.

तरीही मागणी नोंदीत जिवंत राहते आणि पुढील वर्षांच्या परताव्यातून वळती होऊ शकते. किंगफिशर एअरलाइन्सच्या माजी कर्मचाऱ्यांना यासाठी न्यायालयात जावे लागले. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, परताव्यातून केलेली वळती हीसुद्धा अप्रत्यक्ष वसुलीच होय.

परिचितांना मी सुचवले की, पोर्टलवर मागणी अमान्य असल्याचे नोंदवा आणि कलम २०५ चा आधार द्या. सोबत वेतनपावत्या व बँकेचा उतारा जोडून अर्ज आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे द्या. कापलेला कर पावतीवर दिसतो आणि तेवढीच कमी रक्कम खात्यात जमा झालेली दिसते. कपातीचा याहून सरळ पुरावा नाही.

मालकाला करवसुलीचे काम सरकारनेच सोपवले आहे. कर्मचारी कपात नाकारू शकत नाही. म्हणून वेतनपावती सादर होताच मागणी स्थगित व्हावी आणि कलम २०१ खालील कारवाई आपोआप मालकाच्या टॅनवर जावी. ७,८०० रुपयांसाठी पनागरहून उच्च न्यायालयाची पायरी कोण चढणार?