सात वर्षांनी द्यायचे पैसे

समजा, एखाद्या पेन्शन फंडाला बरोबर सात वर्षांनी १ कोटी ६० लाख ५८ हजार रुपये द्यायचे आहेत. बाजारात व्याजदर ७ टक्के असेल, तर आज एक कोटी गुंतवले की हिशेब जुळतो. मग सात वर्षांचा सरकारी रोखा घेऊन निवांत बसावं, असं कुणालाही वाटेल.

पण रोख्याचं व्याज दरवर्षी हातात येतं. (आपल्याकडे ते सहामाही मिळतं; इथे सोयीसाठी वार्षिक धरू.) हे सात लाख पुन्हा गुंतवावे लागतात आणि तेव्हाचा दर आपल्या हातात नसतो. रोखा घेतल्याबरोबर दर ६ टक्क्यांवर आला आणि तिथेच राहिला, तर सातव्या वर्षाअखेर साधारण १ लाख ८२ हजार कमी पडतात.

ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ साली यावर तोड मांडली आणि तिला ‘इम्युनायझेशन’ म्हटलं. दर घसरला की व्याजावरचं व्याज घटतं, पण हातातल्या रोख्याचा भाव चढतो. दर वाढला की उलटं होतं. हे दोन परिणाम एकमेकांना खोडतील, इतक्याच मुदतीचा रोखा निवडायचा. त्यासाठी मोजतात ते ड्युरेशन, म्हणजे रोख्यातले सगळे पैसे हाती येण्याचा सरासरी काळ. ही सरासरी काढताना प्रत्येक हप्त्याला त्याच्या आजच्या किमतीइतकं वजन देतात.

७ टक्के व्याजाच्या नऊ वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन ६.९७ वर्षं येतं. म्हणजे सात वर्षांच्या देण्यासाठी नऊ वर्षांचा रोखा! दर ६ टक्के झाला, तर सात वर्षांत व्याज आणि त्यावरचं व्याज मिळून ५८.७६ लाख जमतात. रोख्याची दोन वर्षं अजून उरलेली असतात, तो १०१.८३ लाखांना विकला जातो. बेरीज १६०.५९ लाख. दर ८ टक्के झाला, तर ६२.४६ आणि ९८.२२ मिळून १६०.६८ लाख. दोन्हीकडे देणं भागतं, वर थोडं उरतंही.

मात्र एकदा जुळवून विसरता येत नाही. वर्षभराने देण्याला सहा वर्षं उरतात, पण रोख्याचं ड्युरेशन ६.३९ असतं. म्हणून ठरावीक काळाने थोडे लांबचे रोखे विकून जवळचे घ्यावे लागतात आणि प्रत्येक फेरबदलाला खर्च येतो.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. वरचं गणित सगळ्या मुदतींचे दर सारखेच हलतात असं मानतं. दोन आणि वीस वर्षांचे रोखे मिसळूनही सरासरी सात साधता येते. पण जवळचे दर पडले आणि लांबचे चढले, तर फेरगुंतवणुकीतही मार बसतो आणि भावातही. म्हणून जाणकार देण्याच्या तारखेच्या आसपास पैसे देणारे रोखे पसंत करतात. व्याज वेगळं काढलेले ‘स्ट्रिप्स’ रोखे भारतात २०१० पासून आहेत. नेमक्या तारखेचा स्ट्रिप रास्त भावात मिळाला, तर फेरगुंतवणुकीचा प्रश्नच उरत नाही.