सत्तावीस आकड्यांची वही

वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवताना एखादं घर अडलं, की आपण आधी आडवी ओळ बघतो, मग उभी, मग तीन बाय तीनची चौकट. उरलेले आकडे पेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात बारीक लिहितो. संगणकालाही हेच करायचं असतं. पण तो दर वेळी एकेक घर तपासत बसला, तर सारा वेळ त्यातच जाईल. म्हणून त्याला एक वही द्यावी लागते. ती कशी, ते या कोड्यावर पाहू.

```
५ ३ . | . ७ . | . . .
६ . . | १ ९ ५ | . . .
. ९ ८ | . . . | . ६ .
------+-------+------
८ . . | . ६ . | . . ३
४ . . | ८ . ३ | . . १
७ . . | . २ . | . . ६
------+-------+------
. ६ . | . . . | २ ८ .
. . . | ४ १ ९ | . . ५
. . . | . ८ . | . ७ ९
```

पहिल्या ओळीतलं तिसरं घर घ्या. आडव्या ओळीत ५, ३, ७ आहेत, उभ्या ओळीत ८ आणि चौकटीत ५, ३, ६, ९, ८. म्हणजे उरले १, २ आणि ४.

आता प्रत्येक ओळीला नऊ बटणांचा एक बोर्ड आहे असं समजा. ओळीत ५ आला की पाचवं बटण चालू. पहिल्या बटणाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट होत नवव्याची २५६. चालू बटणांच्या किमतींची बेरीज केली, की अख्खा बोर्ड एका संख्येत मावतो. यालाच बिटमास्क म्हणतात. आपल्या आडव्या ओळीची संख्या १६ + ४ + ६४ = ८४, उभीची १२८ आणि चौकटीची ४३६. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, नऊ चौकटी: सगळी वही २७ संख्यांची.

```
used = row[r] | col[c] | box[b];
open = 511 & ~used;
```

पहिली ओळ तिन्ही बोर्ड एकमेकांवर ठेवते. कुठेही चालू असलेलं बटण चालू धरायचं. उत्तर येतं ५००. सगळी बटणं चालू असती तर ५११ आली असती. ५११ मधून ५०० गेले, उरले ११, म्हणजे १ + २ + ८. पहिलं, दुसरं आणि चौथं बटण मोकळं. आपले १, २, ४ परत मिळाले.

पुढचं काम चाचपडण्याचं. डावीकडून उजवीकडे, लहान आकडा आधी, असं जाऊ. तिसऱ्या घरात १, चौथ्यात २, सहाव्यात ४, सातव्यात ८, आठव्यात ९. नवव्या घरासाठी ओळीत फक्त ६ उरतो, पण त्या उभ्या ओळीत ६ आधीच आहे. `open` शून्य येतो. शून्य म्हणजे इथून पुढे रस्ता नाही, मागे फिरा. आठव्यातला ९ पुसला. तिथे दुसरा पर्याय नव्हता. सातव्यात ८ ऐवजी ९ घातला, तर आठव्यासाठी ६ आणि ८ उरतात, आणि त्या उभ्या ओळीत दोन्ही आहेत. पुन्हा शून्य. मग सहाव्या घरापर्यंत मागे येऊन ४ च्या जागी ६ घालायचा. असं मागे फिरत शोधणं म्हणजेच बॅकट्रॅकिंग.

बहुतेक चुका पुसताना होतात. आकडा घालताना तीन बोर्डांवरची बटणं चालू होतात, म्हणून पुसताना तिन्ही बंद व्हायला हवीत.

```
row[r] ^= bit; col[c] ^= bit; box[b] ^= bit;
```

चौकटीचं बटण बंद करायचं राहिलं, तर प्रोग्राम थांबत नाही, तक्रारही करत नाही. तो चांगला आकडा वापरलेला समजतो आणि सुटणाऱ्या कोड्यालाही ‘उत्तर नाही’ म्हणतो. ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या घरातले सगळे पर्याय पुसून मागे आल्यावर २७ संख्या त्या घरात शिरण्याआधी होत्या तशाच असल्या पाहिजेत.

बोर्डांमुळे प्रत्येक तपासणी स्वस्त होते, पण चुकीचे अंदाज कमी होत नाहीत. वरची ओळ कोरी असून तिचं उत्तर ९८७६५४३२१ असेल, तर लहान आकड्यापासून सुरू करणारा शोध बराच काळ भरकटतो. त्यावर उपाय म्हणजे ओळीने न जाता सर्वांत कमी पर्याय असलेलं घर आधी घेणं. आपल्या कोड्याच्या अगदी मधल्या घराचे तीन बोर्ड १४१, ४८३ आणि १६६ आहेत. एकत्र केले की ४९५, आणि ५११ मधून उरतात १६. पाचवं बटण, एकच पर्याय. तिथे ५ घालायला अंदाज लागतच नाही.

उद्याच्या अंकातल्या सुडोकूतलं एक घर निवडा, त्याच्या तीन संख्या कागदावर मांडा आणि हाताने करून पाहा.