शाळेतली दादागिरी आणि तिची नोंदवही



मधल्या सुट्टीत दोघांची जुंपली, ढकलाढकली झाली आणि संध्याकाळी दोघं पुन्हा एकत्र लगोरी खेळले, तर ते भांडण झालं. दादागिरी वेगळी. ती ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि त्रास सोसणारा वयानं, अंगानं किंवा संख्येनं कमी पडतो. या खुणा डॅन ओल्व्हेउस या अभ्यासकाच्या कामातून जगभर रूढ झाल्या. नॉर्वे देशात १९८३ साली देशभरच्या शाळांतून दादागिरीविरुद्ध मोहीम निघाली, तिच्यामागेही त्यांचेच काम होते.

भांडण गुरुजी तिथल्या तिथे मिटवू शकतात. दादागिरी मात्र गुरुजींच्या पाठीमागे चालते, म्हणून तिच्यासाठी समिती लागते.

समितीत कोण असावे?

महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळाशाळांतून सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितले आहे. वेगळी मंडळी शोधत बसण्यापेक्षा हे काम त्याच समितीकडे द्यावे. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात दोनशिक्षकी शाळा पुष्कळ, तिथे सात जण पुरेत. मुख्याध्यापक, एक शिक्षिका, दोन पालक (त्यात एक आई हवीच), अंगणवाडी सेविका आणि वरच्या वर्गातील एक मुलगा व एक मुलगी. मुलांचे प्रतिनिधी मुलांनीच चिठ्ठ्या टाकून निवडावेत. गुरुजींनी नेमला की वर्गातला दांडगा मुलगाच मॉनिटर होऊन बसतो, आणि मग त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? हे प्रतिनिधी शाळेत कुठे काय चालते ते सांगतील. पण एखाद्या मुलाची चौकशी चालू असताना त्यांना बसवू नये.

आपल्याकडे एक अडचण हटकून येते, ती भावकीची. वाडी लहान, निम्मी घरे एकाच आडनावाची. ज्याची तक्रार आली तो मुलगा सदस्याचाच पुतण्या निघतो. अशा वेळी त्या सदस्याने त्या प्रकरणापुरते बाजूला बसावे आणि तसे वहीत लिहावे. हा नियम पहिल्याच सभेत ठरवावा. प्रकरण आल्यावर ठरवायला गेलात तर तो माणूस दुखावतो.

वहीत काय लिहायचे?

तक्रारपेटी अशा जागी हवी की चिठ्ठी टाकताना कुणाचे लक्ष जाऊ नये. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी पालक सदस्याकडे. पेटी दर आठवड्याला दोघांनी मिळून उघडावी. पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नाही. त्यांनी बाईंना किंवा अंगणवाडीतल्या ताईंना तोंडी सांगितले तरी ती तक्रारच, आणि ती ऐकणाऱ्याने लिहायची.

नोंदीत सात गोष्टी असाव्यात. तारीख व वार, वेळ, जागा, काय घडले, काय बोलले गेले, कुणी पाहिले आणि समितीने त्या दिवशी काय केले. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. "अपशब्द वापरले" एवढे लिहिले तर महिन्याने काहीच कळत नाही. "गुंड", "वाह्यात" अशी विशेषणे मुलाला लावू नयेत. त्याने काय केले तेवढेच लिहावे. वही कपाटात कुलपात राहील. यातले एकही नाव या भित्तिपत्रकावर किंवा परिपाठात येता कामा नये.

एक कल्पित उदाहरण

'क' हा चौथीतला मुलगा वरच्या वाडीतून पायवाटेने येतो. जुलै महिन्यात त्याच्याबद्दल चार नोंदी झाल्या. पहिली खिचडीच्या रांगेतली: सातवीतल्या 'ख' ने त्याला मागे ढकलले. पुढच्या तीन नोंदी पऱ्यावरच्या साकवाजवळच्या. एकदा दप्तर वाहायला लावले, एकदा छत्री हिसकावली, एकदा चप्पल पऱ्यात टाकली, ती वाहून गेली.

सुटी सुटी पाहिली तर ही पोरांची मस्ती वाटेल. पण वहीतला 'वार' हा रकाना पाहा: साकवावरच्या तिन्ही नोंदी शनिवारच्या. मग समितीने हजेरीपट काढला. त्यानंतरचे दोन्ही शनिवार 'क' गैरहजर! आई म्हणाली, "शनिवार आला की ह्याच्या पोटात दुखतं." कारणही सापडले. इतर दिवशी हायस्कूलच्या ताया त्याच वेळी वाडीकडे परततात. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा वाटेवर मोठे कुणी नसते.

इथे वाट पाहणे बरोबर नव्हते. पावसाळ्यात पऱ्या भरून वाहतो; चपलेसाठी पोर पाण्यात उतरले तर काय होईल, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून समितीने त्याच दिवशी ठरवले की शनिवारी एका पालकाने साकवापलीकडे मुलांना सोडावे. 'क' आणि 'ख' यांना वेगवेगळे बोलावून ऐकले. समोरासमोर उभे करून "हात मिळवा" म्हणायचे नाही, कारण लहान मूल मोठ्याच्या देखत खरे बोलत नाही आणि वाटेत त्याला दुप्पट भोगावे लागते. 'ख' ने केलेले कबूल केले. चप्पल भरून द्यायचे त्याच्या वडिलांनी मान्य केले. त्याला मारले नाही. मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे.

फेरतपासणी

बऱ्याच ठिकाणी वही इथेच मिटते, आणि तिथेच चुकते. समितीने आठ दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा पाहायचे. या उदाहरणात आठ दिवसांत नवी तक्रार नव्हती. पण बाईंनी 'क' ला एकट्याला विचारले, "हल्ली कुठल्या वाटेनं जातोस रे?" तो म्हणाला, "वरून, देवराईकडनं." साकव टाळायला पोरगं रोज मोठा वळसा घालत होतं! तक्रार थांबली होती, भीती थांबली नव्हती. प्रकरण उघडे ठेवले गेले आणि पालकाची सोबत रोजची झाली. महिन्याने तो साकवावरून जाऊ लागला, शनिवारची हजेरी लागली, तेव्हाच वहीत "प्रकरण बंद" लिहिले. म्हणजे फेरतपासणीत चिठ्ठ्या किती आल्या एवढेच मोजून भागत नाही. मुलाची वाट, हजेरी आणि खेळातले सोबती पाहावे लागतात.

समितीने स्वतःकडे ठेवू नये असे

अंगाला नको तसा स्पर्श केल्याची तक्रार असेल तर समितीने चौकशी करत बसू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मुलांना स्वतःलाही मदत मागता येते. तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल तर ती केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी. आणि कुणाला जातीवरून हिणवले, पाण्याच्या पिंपाला हात लावू दिला नाही, तर ती "मस्करी" म्हणून लिहू नये. पाण्याच्या याच हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्या महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. अशी नोंद त्याच दिवशी मुख्याध्यापकांपुढे जावी आणि घडले ते शब्दशः लिहावे.

पालकांनो, पुढच्या सभेला याल तेव्हा वहीतली नावे विचारू नका. एवढेच विचारा: या महिन्यात किती प्रकरणे उघडी आहेत, आणि त्यांची फेरतपासणी कुठल्या तारखेला आहे?