एका मिलिमीटरचं वजन

फूटपट्टीवरची सर्वांत बारीक खूण एक मिलिमीटरची असते. वस्तूची कड दोन खुणांच्या मध्ये आली की विद्यार्थी जवळची खूण धरतो, म्हणजे फार तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. पण कडा दोन असतात, आणि शून्यापाशी वस्तू लावतानाही तेवढीच गफलत होऊ शकते. म्हणून लांबीत एक मिलिमीटरची त्रुटी धरून चालणं रास्त.

आता पत्र्याची एक पट्टी घेऊ: लांबी 12.0 सेंटिमीटर, रुंदी 0.8 सेंटिमीटर. दोन्हीकडे त्रुटी तीच, 0.1 सेंटिमीटर. लांबीच्या बाबतीत 0.1 ला 12.0 ने भागलं तर सुमारे 0.0083 येतात, ही सापेक्ष त्रुटी. तिला शंभराने गुणलं की शेकडा त्रुटी, 0.83 टक्के. रुंदीसाठी मात्र 0.1 भागिले 0.8, म्हणजे 12.5 टक्के! पट्टी तीच, मोजणारा तोच, पण अरुंद बाजूला तोच मिलिमीटर पंधरापट जड जातो.

सापेक्ष त्रुटीला एकक नसतं, आणि नेमकी इथेच परीक्षेत गडबड होते. त्रुटी मिलिमीटरमध्ये आणि लांबी सेंटिमीटरमध्ये ठेवून 1 ला 12 ने भागलं, की 0.83 चे 8.3 टक्के होतात. भागाकार बिनचूक, उत्तर दसपट.

क्षेत्रफळ काढताना दोन्ही शेकडा त्रुटींची बेरीज होते: सुमारे 13.3 टक्के. म्हणजे 9.6 चौरस सेंटिमीटर हे उत्तर 1.3 ने कमीजास्त असू शकतं. खात्री करायची तर 12.1 आणि 0.9 यांचा गुणाकार करून बघा, 10.89 येतो. त्रुटीचा जवळजवळ सगळा भार रुंदीचा आहे. लांबी कितीही जपून मोजली तरी फारसा फरक पडणार नाही. रुंदीसाठी व्हर्नियर कॅलिपर घ्यावा.

कॅलिपर नसेल तरी काही वेळा फूटपट्टीवर भागतं. वहीच्या एका कागदाची जाडी तिने मोजताच येत नाही, पण शंभर कागद दाबून धरले आणि जाडी 10 मिलिमीटर भरली, तर त्रुटी 10 टक्के. एका कागदाची जाडी 0.10 मिलिमीटर, त्यात 0.01 ची त्रुटी. दोनशे कागद घेतले की हेच प्रमाण निम्म्यावर येतं.

झिजलेल्या टोकाच्या लाकडी पट्टीचं दुखणं वेगळं. शून्याकडचे दोन मिलिमीटर गेले असतील, तर टोकापासून मोजलेलं प्रत्येक माप तेवढंच जास्त येतं. दहा वाचनांची सरासरी काढूनही ते तसंच राहतं, उलट वाचनं एकमेकांशी छान जुळल्यामुळे संशयही येत नाही. वस्तू 5 च्या खुणेपासून पुन्हा मोजावी आणि वाचनातून 5 वजा करावेत. दोन उत्तरांत दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर दोष पट्टीच्या टोकाचा.