उभ्या सागात लाकूड किती?

बांधावरचा साग उभाच विकायचा, तर तोडण्याआधी त्यातले लाकूड अंदाजावे लागते. त्यासाठी आपल्याकडे जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, खोडाचा घेर मोजतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरतात.

समजा, घेर १.२० मीटर भरला आणि पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतचे सरळ खोड ८ मीटर आहे. घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागले की छेदाचे क्षेत्रफळ येते, ०.११५ चौरस मीटर. त्याला लांबीने गुणले की ०.९२ घनमीटर. पण हा हिशेब सरळ नळकांड्याचा झाला. खोड वर निमुळते होते, म्हणून उत्तराला आकार गुणकाने गुणतात. तो ०.७ धरला, तर लाकूड ०.६४ घनमीटर भरते.

हा गुणक कुठून आणायचा? त्याच रानातल्या तोडलेल्या झाडाचे दोन-दोन मीटरचे ओंडके करून प्रत्येकाचा मधला घेर मोजावा. त्यावरून आलेल्या घनफळांच्या बेरजेला नळकांड्याच्या घनफळाने भागावे.

खरी चूक इथेच होते. शेंड्यापर्यंतच्या पूर्ण उंचीसाठी काढलेला गुणक लहान असतो. तसा ०.४५ चा गुणक या ८ मीटरच्या खोडाला लावला, तर कागदावर ०.४१ घनमीटरच उरते आणि मालकाचे एक-तृतीयांशाहून अधिक लाकूड हिशेबातून जाते. म्हणून भाव ठरवण्याआधी गुणक कोणत्या उंचीसाठीचा आहे, हे विचारावे. शिवाय या मापात साल धरलेली असते आणि आतली पोकळी टेपला दिसत नाही.